शिबिराची पिशवी : नाव, नग आणि परतमोजणी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एका मुख्याध्यापिकेने केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून आपणांपैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले मी पाहिले. मुलाची पिशवी भरणे हे आईचे काम, त्यावर शिक्षण परिषदेत भाषण कशाला, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. मलाही काही वर्षांपूर्वी तसेच वाटत होते. ते मत का बदलले, हे एका पंचाच्या हकिगतीवरून प्रथम सांगते.

आमची शाळा कुडाळ तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. एका मे महिन्यात आमच्या चौथीची सात मुले मालवण किनाऱ्यावरील एका निवासी शिबिरास गेली. मुक्काम पाच रात्रींचा होता. सातांपैकी एकही मूल त्याआधी आईवाचून परक्या गावी राहिले नव्हते. दोघांनी तर समुद्रही पाहिला नव्हता. आम्ही पालकांना निरोप पाठविला तो एवढाच : ‘कपडे, अंथरूण-पांघरूण आणि ताटवाटी द्यावी.’ त्यात संख्या नव्हती, खुणेविषयी काही नव्हते, आणि परत काय आणावयाचे याचा उल्लेखही नव्हता.

मुले आनंदात परतली. तिसऱ्या दिवशी मला दूरध्वनी आला. दुसऱ्या शाळेतील एका मुलीचा नवा पंचा हरवला होता, आणि तो आमच्या शाळेतील एका मुलीने पिशवीत घातल्याचे कुणीतरी पाहिले होते. मी त्या मुलीच्या घरी गेले. पिशवी उपडी केली, तर खरोखरच तीन पंचे निघाले. घरून दोन दिले होते. तिन्ही पांढरे, तिन्हींना तांबडी किनार, बहुधा एकाच आठवडी बाजारातून घेतलेले. त्यांतला आपला कोणता आणि परका कोणता, हे ना मुलीला सांगता येईना, ना तिच्या आईला. निघण्याच्या सकाळी दोरीवरचे कपडे घाईघाईने काढताना मुलीच्या हाती एक अधिक आला होता, एवढेच घडले होते. परंतु दाराशी चार शेजारी जमले होते. ती माउली मला म्हणाली, “बाई, माजा चेडू दुसऱ्याचो पंचो कित्याक आणतला?” मजजवळ उत्तर नव्हते. पंचा दुसऱ्या दिवशी परत गेला. मुलगी मात्र जूनमध्ये शाळेत आली ती कुणाच्या वस्तूला हात लावीनाशी झाली. शेजारणीचा खोडरबर खाली पडला तरी ती तो उचलून देईना.

त्या पंचाची किंमत फार नव्हती. त्याच्या कोपऱ्यावर दोन अक्षरे असती आणि निघण्याआधी कुणी ‘तुझे नग किती?’ असे विचारले असते, तर दहा वर्षांच्या मुलीवर तो प्रसंग आला नसता. पुढील वर्षी आम्ही सर्व रीत बदलली. ती रीत तीन गोष्टींची आहे : प्रत्येक नगावर खूण, विचाराने ठरविलेली संख्या आणि निघण्यापूर्वीची मोजणी. याच क्रमाने त्या आपल्यापुढे मांडते.

खूण

वस्तूवर नाव घालणे आपल्याकडे मुळीच नवे नाही. आपल्या घरातील तांब्या-पितळेच्या भांड्यांवर आजीची, पणजीची नावे कोरलेली आहेत. पंगतीसाठी दहा घरची भांडी एकत्र येत आणि नावावरून आपापल्या घरी परत जात. परीट तर गावभरचे कपडे एकाच भट्टीत घालून प्रत्येकाचा कपडा अचूक परत देत असे. त्याची खूण बिब्ब्याच्या रसाची असे. चुन्याचा हात लागला की ती काळी पडे आणि कपडा फाटेपर्यंत टिके. मुलांना ही माहिती अवश्य द्यावी. परंतु बिब्बा त्यांच्या हाती मुळीच देऊ नये, कारण त्याचा रस अंगाला लागल्यास कातडीवर फोड येतात. आपणांस आज त्याची गरजही नाही.

आम्ही शिंप्याकडून बोटभर रुंदीची पांढरी सुती फीत आणतो आणि तिचे चार बोटे लांबीचे तुकडे करतो. त्यांवर न पुसणाऱ्या शाईच्या जाड लेखणीने मुले स्वतः लिहितात. साध्या बॉलपेनाची शाई दोन धुण्यांत फिकी होते आणि शाईच्या पेनाची पहिल्याच धुण्यात पसरते. म्हणून प्रथम एका तुकड्यावर लिहून तो रात्रभर वाळू द्यावा, सकाळी साबण लावून खसखसून चोळावा आणि अक्षर टिकले तरच त्या लेखणीने पुढचे सर्व तुकडे लिहावे. ही परीक्षा वर्गातच घ्यावी. मुलांना तो प्रयोग फार आवडतो.

पट्टीवर काय लिहावे? आमच्याकडे एका वर्गात तीन परब आणि दोन राणे असतात, म्हणून आडनाव पुरत नाही. आम्ही मुलाचे नाव, गावाचे नाव आणि एक क्रमांक लिहितो. क्रमांकाचे महत्त्व अधिक आहे, कारण चादरीच्या ढिगातून ‘चौदा’ हा आकडा लांबूनही दिसतो आणि ज्याला वाचावयास वेळ लागतो त्या लहान मुलालाही तो ओळखता येतो. पिशवीच्या बाहेरच्या बाजूस मात्र केवळ क्रमांक व शाळेची रंगीत फीत असावी, नाव आतल्या बाजूस असावे. बसस्थानकावर कुणाही अनोळखी माणसाला मुलाचे नाव वाचून त्याला नावाने हाक मारता येऊ नये, हे त्याचे कारण आहे.

पट्टी चिकटवू नये, शिवावी. डिंकाने चिकटविलेली पट्टी पहिल्या भिजण्यात सुटते. केवळ दोन टोकांना टाके घातले तर मधला भाग बोटात अडकून ती फाटते, म्हणून चारही कडांना टाके घालावेत. जागाही ठरलेली असावी : सदऱ्याला गळ्याच्या मागे आतून, चड्डीला किंवा सलवारीला कमरेच्या मागे आतून, पंचाला व चादरीला कोपऱ्यात. जागा ठरलेली असली की कपडा न उलगडता खूण सापडते. ताटवाटीवर कागद चिकटवू नये, कारण तो घासताना निघतो. तळाशी बाहेरून तैलरंगाने किंवा नखाच्या रंगाने क्रमांक काढावा आणि दिवसभर वाळू द्यावा. चपलांच्या पट्ट्याला आतून क्रमांक लिहून एक रंगीत दोरा बांधावा.

एक सूचना कटाक्षाने पाळावी. फीत सर्वांना सारखी असावी आणि ती शाळेने द्यावी. घरच्या हौसेवर सोडल्यास एकाच्या पिशवीवर भरतकाम येते आणि दुसऱ्याच्या पिशवीवर काहीच येत नाही. एका मुलाच्या फितीस दोन मीटरही लागत नाहीत, तेव्हा हा खर्च शाळेस जड नाही.

संख्या

आता नग किती, हा प्रश्न. पालकांची प्रवृत्ती दोन टोकांची असते. कुणी दोन जोड देऊन मोकळे होतो, तर कुणी दिवसाला दोन या हिशेबाने बारा जोड कोंबतो. मग ते ओझे मुलाला उचलत नाही आणि मोजताही येत नाही. संख्या दिवसांवर ठरवू नये. ती कपडा किती वेळात वाळतो यावर ठरवावी. किनाऱ्यावर हाच मुख्य मुद्दा आहे.

पायथ्याच्या गावी मे महिन्यात सकाळी धुतलेला सदरा दुपारी वाळतो. मालवणास तोच सदरा संध्याकाळपर्यंत दमट लागतो, कारण तेथील हवेतच पाणी असते. त्यात तो समुद्रात भिजलेला असेल तर आणखी एक अडचण येते. समुद्राच्या पाण्यातील मीठ कापडातच राहते आणि ते मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. म्हणून दुपारी कडकडीत वाटलेली चड्डी संध्याकाळी पुन्हा ओलसर होते. पावसाळ्यात उघड्या डब्यातील मीठ जसे पाझरते, तसेच हे आहे. अशी चड्डी घालून मूल दिवसभर वाळूत खेळले की मांड्या सोलतात. यावर उपाय एकच : समुद्रातून आल्यावर कपडा गोड्या पाण्यातून दोनदा खळबळून काढावा आणि मगच वाळत घालावा.

यावरून आम्ही एक नियम बसविला : अंगावर एक, दोरीवर एक, पिशवीत एक. लवकर वाळणाऱ्या कपड्यांना या हिशेबाने तीन पुरतात. परंतु मेच्या उत्तरार्धात वळिवाची सर केव्हाही येते. 2025 साली तर मोसमी पाऊस 25 मे रोजीच आपल्या जिल्ह्यात पोचला होता. म्हणून पावसासाठी एक अधिक धरावा, म्हणजे सदरे चार झाले. आतले कपडे रोज बदलावेच लागतात, तेव्हा ते सहा धरावेत. जाड जीनची विजार मुळीच नको, ती दोन दिवस वाळत नाही. मऊ केसाळ टॉवेलही नको. त्याऐवजी दोन पातळ पंचे द्यावेत. ते वजनाला हलके असून झटकन वाळतात.

पाच रात्रींसाठी आमची यादी अशी आहे. यात अंगावरचे कपडेही मोजले आहेत.

सदरे किंवा झगे : 4
चड्ड्या, विजारी किंवा सलवारी : 5
आतले कपडे : 6
समुद्रासाठी जुना गडद जोड : 2 नग
पंचे : 2
चादरी, एक अंथरावयास व एक पांघरावयास : 2
टोपी : 1
मागे पट्टा असलेल्या चपला : 1 जोड
ताट, वाटी, पेला : 3
पाण्याची बाटली : 1
साबणाची डबी, दातांचा ब्रश, दंतमंजन, फणी : 4
विजेरी : 1
रिकाम्या पिशव्या, एक मळक्या व एक ओल्या कपड्यांसाठी : 2

एकूण 34 नग. निघताना सदरा, विजार, आतला कपडा आणि चपला असे चार नग अंगावर असतात, म्हणून पिशवीत 30 भरतात. हे दोन आकडे मुलाला पाठ असले पाहिजेत. यादीत साबण नाही, साबणाची डबी आहे, हे आपण पाहिले असेल. साबण झिजतो आणि संपतो. जे झिजते ते मोजू नये, जे परत यावयाचे तेच मोजावे. औषध या यादीत नाही, ते पिशवीत जाताच कामा नये. ज्याला नित्याचे औषध आहे त्याच्या पालकांनी ते वेळ व मात्रा लिहून शिक्षकाच्या हाती द्यावे. सोन्याची बाळी आणि गळ्यातली साखळी घरीच ठेवावी.

यादी तयार करताना आम्ही वर्गातील सर्वांत ओढग्रस्त घर डोळ्यांपुढे ठेवतो. यादीतील एकही वस्तू नव्याने विकत घ्यावी लागू नये. ज्या घरी आतले कपडे सहा नाहीत, त्या मुलाच्या यादीवर चार लिहावेत आणि रोज दुपारी धुवावयास सांगावे. यादी छापील असली तरी आकडा मुलागणिक बदलता येतो. एकूण आकडा मात्र त्याच्या यादीवर त्याचाच असावा. उसन्या वस्तूंची सोय शिक्षकाने गुपचूप करावी आणि त्यांनाही त्या मुलाचाच क्रमांक लावावा.

सदरे चार आणि विजारी पाच, हा फरक का, असे एका सहकाऱ्याने मला विचारले होते. त्याचे उत्तर जरा हळुवारपणे द्यावयाचे आहे. आठ-दहा वर्षांच्या कित्येक मुलांचे अंथरूण अधूनमधून रात्री ओले होते. घरी ते कधीच थांबलेले असले, तरी पहिल्यांदा परगावी झोपताना ते पुन्हा होऊ शकते. यात मुलाचा दोष काडीचाही नाही. अशा मुलाच्या आईला वेगळे बोलावून ‘एक विजार जास्त द्या’ असे सांगितले, तर ती गोष्ट गावात फिरते. म्हणून पाचवी विजार सर्वांच्याच यादीत आहे आणि ओल्या कपड्यांची पिशवीही सर्वांच्याच यादीत आहे. समुद्रामुळे तिचे कारण कुणी विचारीत नाही. ज्याला पहाटे गरज पडेल तो उठेल, पाचवी विजार चढवील, ओली विजार पिशवीत घालील, आणि सकाळी दहा ओल्या कपड्यांत तीही धुतली जाईल. शिक्षकाने रात्री निजताना एवढेच मोघम सांगावे : ‘कुणाला रात्री काही लागले तर मी दाराशी निजलेली आहे, निःसंकोच उठवा.’

भरणे

पिशवी मुलाने भरावी आणि आईने पाहावे. उलट झाले की काय घडते, ते मी पहिल्या शिबिरात पाहिले. आईने प्रेमाने तळाशी नीट घडी घालून ठेवलेली विजेरी मुलाला पाचही दिवस सापडली नाही. आपल्याजवळ ती आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. घरी परतल्यावर ती तळाशी निघाली. ज्याने भरली त्यालाच पिशवीतले सापडते, आणि ज्याने मोजून भरली त्यालाच मोजून आणता येते.

म्हणून निघण्यापूर्वी आठवडाभर आधी आम्ही एक पाठ घेतो. पूर्वी तो शाळा सुटल्यावर घेत असू, आता आनंददायी शनिवारच्या तासात घेतो. प्रत्येक मूल आपली पिशवी घेऊन येते. चादर जमिनीवर पसरते, तिच्यावर यादीच्या क्रमाने सर्व नग मांडते, एकेक उचलून नाव घेते आणि यादीत पहिल्या रकान्यात स्वतः खूण करते. नंतर उलट्या क्रमाने भरते : शेवटी लागणारे तळाशी, पहिल्या संध्याकाळी लागणारे वर. सदरा, विजार व आतला कपडा यांची एकत्र गुंडाळी करून तीस दोरा बांधला, की एक गुंडाळी म्हणजे एक दिवस होतो. मग सकाळी कपडे शोधताना पिशवी उपसावी लागत नाही. भरून झाल्यावर प्रत्येकाने ती पिशवी खांद्यावर घेऊन पटांगणाला एक फेरी घालावी. जो वाकतो त्याची पिशवी जड आहे. तेथेच उघडून यादीबाहेरचे काढावे. बहुधा लाडवांचा डबा निघतो. तो शिक्षकाने घ्यावा आणि पहिल्या रात्री सर्वांत वाटावा.

या पाठात गणितही आहे आणि भाषाही आहे, परंतु ते मुद्दाम दाखविण्याची गरज नाही. यादी मुलाने स्वतःच्या अक्षरात उतरून घ्यावी आणि ती पिशवीच्या झाकणाला आतून सेफ्टीपिनेने टाचावी. प्लॅस्टिकच्या लहान पिशवीत घातली तर ती भिजत नाही. दुसरी प्रत शिक्षकाच्या वहीत असावी.

परतमोजणी

आता तिसरी गोष्ट, जी आपण बहुधा करीतच नाही. आपल्याकडे मोजणी होते ती मूल घरी आल्यावर, आणि ती आई करते. परंतु घरी केलेल्या मोजणीने हरवल्याचे कळते, हरवलेले मिळत नाही. वस्तू जेथे सापडू शकते तेथेच ती मोजली पाहिजे. म्हणून यादीला तीन रकाने असतात. पहिला घरून निघतानाचा, दुसरा शिबिरातील तिसऱ्या संध्याकाळचा आणि तिसरा निघण्याच्या आदल्या संध्याकाळचा.

शेवटची मोजणी निघण्याच्या सकाळी करू नये. सकाळी गाडी दाराशी उभी असते, कुणाचे दात घासावयाचे असतात आणि कुणी घरच्या आठवणीने रडवेला झालेला असतो. आदल्या संध्याकाळी उजेड असतो, वेळ असतो आणि हरवलेले शोधता येते. पंधरा मुलांना साधारण पाऊण तास लागतो. तेवढा वेळ कार्यक्रमपत्रिकेत लिहूनच ठेवावा. न लिहिल्यास तो कुणी देत नाही.

रीत तीच : अंगावर, दोरीवर, पिशवीत. मूल प्रथम अंगावरचे नग मोजते, मग दोरीवरचे जागेवरच बोट लावून मोजते, मग पिशवीतले चादरीवर मांडून मोजते. तिन्हींची बेरीज 34 आली पाहिजे.

दुसऱ्या वर्षीचा एक प्रसंग सांगते, म्हणजे रीत स्पष्ट होईल. त्या दिवशी सकाळी मुले होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यात जाऊन आली होती. लाटांचे तुषार उडून सारी भिजली होती, त्यामुळे दोरी गच्च भरली होती. चौदा क्रमांकाच्या मुलाने मोजले : अंगावर 4, दोरीवर 6, पिशवीत 23. बेरीज 33. एक नग कमी. अशा वेळी ‘नीट शोध’ असे म्हणण्यात अर्थ नसतो. मूल पुन्हा तीच पिशवी उपसते. त्याला प्रथम यादीतील ओळ शोधावयास सांगावे. त्याने ओळीओळीने पाहिले : सदरे 4, बरोबर. विजारी 5, बरोबर. पंचे : 1. ओळ सापडली की वस्तू कळते, आणि वस्तू कळली की जागा सुचते. चमचा-वाटी हरवते ती भांडी घासण्याच्या जागी. साबणाची डबी राहते न्हाणीघराच्या फळीवर. फणी निघते शेजाऱ्याच्या उशाखाली. पंचा मात्र वाऱ्याबरोबर जातो. दुपारनंतर समुद्राकडून वारा जोराने सुटतो आणि हलका पंचा दोरीवरून उडतो. म्हणून आम्ही त्या मुलाला दोरीच्या जमिनीकडील बाजूस पाठविले. पंचा सुरूच्या झाडाखाली, वाळूत अर्धा पुरलेला सापडला. कोपऱ्यावर ‘14’ स्पष्ट होते. मुलाने तो झटकला, खळबळला आणि या खेपेस टोकाला गाठ मारून दोरीवर घातला. त्याचा तिसरा रकाना पुरा झाला.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका मुलीची बेरीज 35 आली. ही बाब पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण कमी आले तर मूल आपण होऊन सांगते, जास्त आले तर घाबरून गप्प बसते. म्हणून मोजणीपूर्वीच सर्वांना सांगून टाकावे की कुणाच्याही पिशवीत एखादा नग अधिक निघणार आहे, तो चुकून आलेला पाहुणा आहे, आणि त्याला आपण त्याच्या घरी पोचवू. मग मधोमध एक मोकळी चादर अंथरावी आणि ‘पाहुणे’ तीवर ठेवावेत. कुणाच्या पिशवीतून आला हे विचारू नये. मालकाने क्रमांक पाहून उचलावा. त्या संध्याकाळी चादरीवर अकरा वस्तू जमल्या आणि पाऊण तासात दहा आपापल्या धन्याकडे गेल्या. अकरावी एक बिनखुणेची फणी होती. ती कुणाचीच ठरेना, तेव्हा ती शिबिराच्या कार्यालयात ठेवली.

ती मुलगी स्वतः उठली आणि आपल्याजवळचा वाढीव पेला हसत चादरीवर ठेवून आली. मला त्या क्षणी आधीच्या वर्षीची ती पंचावाली मुलगी आठवली. चूक दोघींची एकच होती. एकीची चूक चार शेजाऱ्यांच्या देखत उघडी पडली, दुसरीची मोजणीत सहज निस्तरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरूण, ब्रश आणि रात्रीचे कपडे एवढेच भरावयाचे उरतात. गाडीत बसण्यापूर्वी शिक्षकाने एकट्याने चार जागा पाहाव्यात : दोरी, न्हाणीघर, नळाजवळची भांडी घासण्याची जागा आणि झोपण्याच्या खोलीतील खिडकीची कड. ओले राहिलेले कपडे ओल्या पिशवीत घालावेत आणि पालकांस सांगावे की घरी पोचताच ती पिशवी प्रथम उघडावी. दमट हवेत बांधून ठेवलेल्या ओल्या कपड्यांवर दोनतीन दिवसांत काळे ठिपके धरतात आणि ते पुढे धुऊनही जात नाहीत.

या रीतीने सर्व काही परत येते असे मी म्हणणार नाही. दरवर्षी एखादी टोपी होडीतून उडते आणि एखादी चप्पल लाट नेते. अशा वेळी यादीत त्या ओळीपुढे मुलाने स्वतः लिहावे : ‘लाटेत गेली.’ शिक्षकाने खाली सही करावी. घरी विचारणा झाली की मुलाला खोटे बोलावे लागत नाही आणि मारही खावा लागत नाही. ज्या घरी नव्या चपलांसाठी दिवाळीची वाट पाहावी लागते, त्या घरी या दोन शब्दांची व सहीची किंमत काय आहे, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

ती पंचावाली मुलगी आता माध्यमिक शाळेत आहे. गेल्या मे महिन्यात तिचा धाकटा भाऊ शिबिरास निघाला, तेव्हा त्याच्या पट्ट्या शिवण्यास ती आपण होऊन शाळेत आली. तिने पहिली पट्टी शिवली ती पंचाच्या कोपऱ्यावर, चारही कडांना टाके घालून. भाऊ 34 नग घेऊन गेला आणि 33 आणले. चौतिसाव्यापुढे त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात ‘टोपी होडीतून उडाली’ असे लिहिलेले होते आणि खाली सही होती. बहिणीने ते वाचले, यादीची घडी केली आणि पुढल्या वर्षीसाठी डब्यात ठेवून दिली.

 फितीचे काही तुकडे आणि यादीचा नमुना मी बरोबर आणला आहे. जाताना ज्यांना हवे असतील त्यांनी अवश्य न्यावेत.